आधी बिनदाराची भिंत शोधा

देवळाचा आराखडा वाचायची सवय असलेल्या माणसापुढे मशिदीचा आराखडा ठेवला, की त्याचे बोट आपसूक दरवाजावर जाते. महाद्वार, मग सभामंडप, मग अंतराळ, मग गाभारा, अशी आत आत जाणारी वाट तो शोधू लागतो. मशिदीच्या कागदावर ती वाट सापडते खरी, पण ती एका सपाट भिंतीवर जाऊन संपते. तिथे खोली नाही, मूर्ती नाही, प्रदक्षिणेचा मार्ग नाही. नवशिक्याला वाटते, मुख्य भाग रेखाटायचा राहून गेला की काय.

राहिलेला काही नसतो. वाचायला सुरुवात उलट टोकाकडून झालेली असते. मशिदीचा आराखडा पाठच्या भिंतीपासून दाराकडे वाचायचा असतो, कारण इमारतीची बाकी सगळी मापे त्या भिंतीवरून ठरलेली असतात. हे समजून घ्यायला विजापूरच्या जामा मशिदीसारखे दुसरे उदाहरण नाही. सोलापूरहून ती सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, तिची रचना सरळ आहे आणि अंगणापासून घुमटापर्यंतचे सगळे अवयव तिच्यात नीट वेगवेगळे ओळखता येतात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पहिल्या अली आदिलशहाच्या काळात तिचे बांधकाम सुरू झाले.

कागद समोर आला की आधी त्याची भाषा ओळखावी. काळ्या भरीव रेषा म्हणजे कमरेच्या उंचीवर इमारत आडवी कापली तर कापले जाईल ते सगळे, म्हणजे भिंती आणि खांब. तुटक रेषा म्हणजे डोक्यावर जे आहे ते : कमानी, घुमट, छताचे आकार. खणात तुटक रेषेचे वर्तुळ दिसले तर वर घुमट आहे असे समजावे. खण हा शब्द इथे वाड्यातल्या अर्थानेच घ्यायचा, चार खांबांमधली जागा. मग उत्तरेचा बाण पाहावा, कारण छापील आराखड्यांत फार घोळ असतो. काही पुस्तकांत उत्तर वर असते, काहींत पाठची भिंत वर ठेवलेली असते. बाण न पाहता वाचणारा माणूस पूर्वेच्या दरवाजाला दक्षिणेचा दरवाजा म्हणून मोकळा होतो.

आता पाठची भिंत. मक्केतल्या काबाकडे तोंड करून नमाज पढायची, त्या दिशेला किब्ला म्हणतात आणि त्या दिशेला आडवी असलेली भिंत ती किब्ल्याची भिंत. आपल्याकडे ती पश्चिमेला येते. आराखड्यावर तिची खूण अशी की ती लांब असते, बहुधा जाड असते आणि तिच्यात मुख्य दार नसते. उत्तर वर ठेवून छापलेल्या भारतीय आराखड्यात ती डाव्या हाताला असते.

पश्चिम म्हणजे अगदी होकायंत्रावरची पश्चिम मात्र नव्हे. पृथ्वीच्या गोलावरून हिशेब केला तर मुंबईहून मक्केची दिशा उत्तरेपासून सुमारे २८० अंशांवर येते, म्हणजे पश्चिमेपासून दहा अंश उत्तरेकडे. विजापूरहून हा कल तेरा-चौदा अंशांपर्यंत जातो, तर दिल्लीहून मक्का पश्चिमेपासून तीन-चार अंश दक्षिणेकडे पडते. जुन्या बांधणाऱ्यांनी बऱ्याचदा ढोबळ पश्चिम धरली आणि धर्मशास्त्रातही दिशेबाबत थोडीफार मोकळीक आहे. म्हणून मोबाइलवरचा किब्ला-दर्शक घेऊन जुन्या मशिदीची चूक काढायला जाऊ नये. शहरातल्या अडचणीच्या भूखंडावर बांधलेल्या मशिदीत तर भिंती रस्त्याशी समांतर आणि आतल्या सतरंज्यांचे पट्टे भिंतींशी तिरके, असेही दिसते. तिथे किब्ला भिंतीवर नव्हे, पट्ट्यांवर वाचायचा.

भिंत सापडली की तिच्या मध्यावर आतून बाहेरच्या बाजूकडे गेलेला एक खळगा दिसेल, अर्धगोल किंवा अनेक कोनांचा. तो मेहराब. मराठी वाचकाला इथे भाषाच थोडी फसवते. आपल्या गवंड्यांच्या बोलीत मेहेरप म्हणजे कुठलीही कमान, मग ती दारावरची असो की देवडीवरची. शब्द त्याच घराण्यातला, पण मशिदीच्या आराखड्यात मेहराब म्हणजे किब्ल्याच्या भिंतीतला तो ठरावीक कोनाडाच. तो पूजास्थान नाही. दिशा दाखवायची आणि इमामाची जागा ठरवायची, एवढे त्याचे काम.

एकाच भिंतीत तीन, पाच किंवा अधिक कोनाडे असले तर बिचकू नये. मोठ्या मशिदींत प्रत्येक खणासमोर छोटा कोनाडा ठेवण्याची रीत होती. मुख्य मेहराब मधला, आणि तो ओळखायची एक खात्रीची खूण आहे : त्याच्या शेजारी पायऱ्यांचा छोटा आयत काढलेला असतो. तो मिंबर, शुक्रवारचे प्रवचन ज्यावरून देतात ते पायऱ्यांचे आसन. मेहराबकडे तोंड करून उभे राहिले की मिंबर उजव्या हाताला येतो. म्हणजे उत्तर वर असलेल्या आपल्याकडच्या आराखड्यात मेहराबच्या जरा वर. छापताना नकाशा आरशासारखा उलटला गेला असेल, तर ती चूक या एका खुणेवरून पकडता येते.

विजापूरचा मेहराब आराखड्यात जेमतेम एक खाच दिसतो. प्रत्यक्षात त्याच्यासमोर माणूस थबकतो. मुहम्मद आदिलशहाच्या काळात, १६३६ मध्ये, त्याच्याभोवतीची सगळी भिंत सोनेरी मुलाम्याने आणि रंगांनी सजवली गेली. खोटे कोनाडे, त्यांत रंगवलेल्या सुरया आणि पुस्तके, भोवती अक्षरांच्या ओळी. आराखडा यातले काही सांगत नाही. ती त्याची मर्यादा आहे आणि ती लक्षात ठेवावी : जमिनीवरची जागा तो चोख सांगतो, भिंतीवरच्या श्रीमंतीबद्दल अवाक्षर काढत नाही.

भिंतीपासून एक पाऊल मागे आले की सफ येते. सफ म्हणजे खांद्याला खांदा लावून उभी असलेली ओळ. या ओळी किब्ल्याच्या भिंतीला समांतर, एकामागे एक लागतात. पहिल्या ओळीचे महत्त्व अधिक मानले जात असल्याने ती जितकी लांब तितके बरे. देवळाचा मंडप गाभाऱ्याच्या दिशेने खोल होत जातो आणि मशिदीचे दालन आडवे पसरते, त्याचे कारण हे आहे. विजापुरात हे दालन आतून सुमारे २०८ फूट रुंद आणि १०७ फूट खोल आहे. रुंदी खोलीच्या जवळपास दुप्पट.

हे आकडे नुसते वाचून सोडू नयेत, त्यांच्याशी जरा खेळून पाहावे. वाकून, गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावायला माणसाला पुढे-मागे सुमारे चार फूट लागतात. १०७ फुटांत अशा सव्वीस ओळी बसतात. आता रुंदी धरून एकूण क्षेत्र काढले तर २२,००० चौरस फुटांहून थोडे जास्त येते. या मशिदीच्या फरशीवर औरंगजेबाच्या काळात एकेका माणसापुरत्या चौकटी रंगवून घेतल्या आहेत, कायमच्या आसनांसारख्या, आणि त्यांची संख्या साधारण २,२५० सांगितली जाते. भागाकार केला तर माणशी दहा चौरस फुटांच्या आतबाहेर जागा येते, त्यातही खांबांची जागा वजा करायची. म्हणजे चार फूट लांब आणि सव्वादोन-अडीच फूट रुंद. आजही सतरंजीवरचा एका माणसाचा पट्टा साधारण तेवढाच असतो. आराखडा बरोबर वाचला जातो आहे की नाही, हे असे ताडून पाहता येते.

ओळींचा शत्रू म्हणजे खांब. छत पेलायला खांब हवेत आणि प्रत्येक खांब ओळ तोडतो. विजापूरचे दालन नऊ खण रुंद आणि पाच खण खोल आहे. म्हणजे पंचेचाळीस खण. जाळी पूर्ण भरली असती तर आत आडवे आठ आणि उभे चार असे बत्तीस सुटे खांब आले असते. पण आराखड्याच्या मध्यभागी पाहिले तर तीन गुणिले तीन खणांची जागा मोकळी दिसते. तिथले आतले चार खांब काढून टाकले आहेत आणि सुमारे ७५ फूट बाजूचा चौक एकाच मोठ्या घुमटाखाली आणला आहे. बाकीच्या छत्तीस खणांवर लहान, बसके घुमट आहेत. ते छतात दडलेले असल्याने बाहेरून कळत नाहीत.

या चौकावरच्या तुटक रेषा जरा वेळ घेऊन पाहण्यासारख्या आहेत. आराखडा बारकाईने काढलेला असेल तर तिथे एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन चौकोन दिसतात, आठ टोकांची चांदणीच. चौकाच्या चार बाजूंवरचे बारा खांब, त्यांच्यामधून निघून हवेत एकमेकींना छेदणाऱ्या कमानी, आणि त्या छेदांतून मध्यभागी तयार झालेला अष्टकोन. त्या अष्टकोनावर घुमटाचे वर्तुळ टेकते. चौकोनावर गोल बसवायचा हा विजापुरी तोडगा. पुढे गोलघुमटाला तोच फार मोठ्या मापात वापरला गेला. एकदा ही चांदणी ओळखीची झाली की आदिलशाही इमारतीचा आराखडा मथळा झाकूनही ओळखता येतो.

घुमट दिसला म्हणजे त्याखाली मेहराब असणार, असे मात्र धरू नये. विजापुरात मोठा घुमट दालनाच्या मध्यावर आहे आणि त्याच्या व किब्ल्याच्या भिंतीच्या मध्ये खणांची एक रांग उरते. कलबुर्गीच्या किल्ल्यातल्या १३६७ च्या जामा मशिदीत याउलट मोठा घुमट मेहराबच्या पुढ्यातच आहे. आणि घुमट पाहून मशीद ठरवणे तर सर्वांत मोठी चूक, कारण कबरींच्या इमारतींनाही घुमट असतो आणि त्यांच्या आवारात पश्चिमेला अनेकदा मशीद असते. विजापूरच्या इब्राहिम रोझ्यात एकाच चौथऱ्यावर दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत, मध्ये हौद. आराखड्यात पूर्वेकडची चौरस, चहूबाजूंनी ओवरी असलेली, आत उत्तर-दक्षिण कबरी असलेली ती समाधी. पश्चिमेकडची एका बाजूने उघडी आणि पाठची भिंत बंद असलेली ती मशीद. उघडी बाजू आणि बंद पाठ, एवढे पाहिले तरी निकाल लागतो.

दालनाच्या पूर्वेला अंगण. त्याला सहन म्हणतात. नवशिके याला मोकळी जागा समजून पुढे सरकतात, पण सहन हे बिनछताचे दालनच असते. शुक्रवारी आणि ईदला ओळी दालनातून बाहेर येऊन अंगणात तशाच समांतर लागत जातात. विजापूरचे अंगण साधारण १५५ फूट बाजूचे चौरस आहे. दालनाची रुंदी २०८ आणि अंगणाची १५५, मग उरलेले ५३ फूट कुठे गेले? निम्मे उत्तरेला, निम्मे दक्षिणेला : दोन्ही बाजूंना एकेक खण खोलीची कमानींची ओवरी आहे, तिच्यात आणि खांबांच्या जाडीत ते संपतात. या ओवऱ्यांना अंगणाकडे सात-सात कमानी आहेत. पूर्वेची बाजू मात्र अपुरीच राहिली. दोन्ही टोकांना जे मिनार यायचे होते ते आलेच नाहीत, आणि पूर्वेकडचा दरवाजा औरंगजेबाच्या काळातला. आराखड्यात तीन बाजू दाट आणि चौथी एकदम पातळ दिसली की असा काहीतरी इतिहास असतो.

अंगण असलेच पाहिजे असाही नियम नाही. कलबुर्गीच्या त्याच मशिदीत अंगणच नाही. सुमारे २१६ फूट गुणिले १७६ फुटांची सगळी जागा छताखाली घेतली आहे आणि उजेड बाजूच्या रुंद, बसक्या कमानींतून येतो. अशा आराखड्यात नवशिका अंगण शोधत बसतो. बाहेरच्या भिंती सलग काळ्या आहेत की तुटक तुटक खांबांच्या, हे आधी पाहावे. कलबुर्गीला बाहेरची रेघच जागोजागी उघडी आहे, म्हणजे उजेड-वाऱ्याचे काम अंगणाऐवजी तिच्यावर सोपवले आहे.

आता पाणी. नमाजाआधी वजू करतात : हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुणे, डोक्यावरून ओला हात फिरवणे आणि शेवटी पाय धुणे. यामुळे आराखड्यात दोन गोष्टी ठरून जातात. पाण्याची जागा दार आणि दालन यांच्या दरम्यान हवी, कारण धुतलेल्या पायांनी पुन्हा धुळीतून चालायचे नसते. आणि तिथे बसायला काठ व सांडपाण्याला पन्हळ हवी. आराखड्यात आयताभोवती ओळीने छोटे चौकोन काढलेले दिसले तर ते वजूला बसायचे ओटे. आजच्या मशिदींत भिंतीला लागून नळांची रांग असते आणि तिच्यापुढे गटाराची बारीक दुहेरी रेघ. चपला कुठे सुटतात ती जागाही इथेच आसपास सापडते. बहुधा एखाद्या पायरीची रेघ असते, तिच्या अलीकडे चपला, पलीकडे अनवाणी पाय.

विजापुरात हे काम अंगणातला हौद करतो. आपला हौद हा शब्द मुळात तोच, हौज. त्याच्या मापामागे शास्त्र आहे. हनफी पंथाच्या नियमाप्रमाणे दहा हात गुणिले दहा हात पृष्ठभागाचा हौद वाहत्या पाण्यासारखा मानला जातो. थोडीशी अशुद्धता पडून तो बाटत नाही. दीड फुटाचा हात धरला तर ही बाजू पंधरा फुटांची झाली. भारतातल्या कितीतरी मशिदींचे हौद याहून मोठे का असतात आणि याहून छोटे सहसा का नसतात, ते यातून कळते. प्रमाणपट्टी लावून हे माप काढून पाहावे, हाताला चांगला सराव होतो.

पाण्याच्या जागेचे सर्वांत विलक्षण उदाहरण मुंबईत आहे. १८०२ मध्ये पूर्ण झालेली, क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. तळाच्या झऱ्यांनी भरणाऱ्या त्या तलावातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर येतात आणि इमारतीचा भार घेतात. वजू त्याच पाण्यावर. अशा मशिदीचा एकच मजला दाखवणारा आराखडा हातात आला तर वाचणारा हमखास गोंधळतो, कारण हौद शेजारी नसून खाली आहे. म्हणून कागदावर ‘तळमजला’ लिहिले आहे की ‘पहिला मजला’, हे तपासून मगच हौद नाही असा निष्कर्ष काढावा.

सगळ्यात शेवटी दरवाजा. देवळाच्या सवयीने ज्याने सुरुवात केली असती, तो इथे शेवटी येतो, कारण तो परिस्थितीनुसार सरकतो. भिंत सरकत नाही. इराणमधल्या इस्फहानची शाह मशीद याचा नमुना आहे. १६११ मध्ये तिचे काम सुरू झाले. शहराचा भव्य चौक आधीच आखलेला होता आणि मशिदीचे प्रवेशद्वार त्याच्या दक्षिण टोकाला, चौकाशी काटकोनात असायला हवे होते. मक्का तिथून नैर्ऋत्येला. मग वास्तुकारांनी दार चौकाला दिले, मशीद मक्केला दिली आणि दोहोंना जोडणाऱ्या देवडीत सुमारे ४५ अंशांचे वळण घेतले. आराखड्यात ही इमारत मानेत मुरडल्यासारखी दिसते. दारापासून वाचले तर ती वेडीवाकडी वाटते. मेहराबपासून वाचले तर मशीद शेवटपर्यंत सरळ आहे, वाकडा आहे तो चौक.

एवढ्या तयारीनिशी विजापूरला जाणाऱ्याने एक-दोन गोष्टी पाळाव्यात. मशीद वापरातली आहे, तेव्हा शुक्रवारची दुपार आणि नमाजाच्या वेळा टाळाव्यात, चपला काढाव्यात, ओळीत बसलेल्या माणसाच्या पुढून जाऊ नये. आराखडा उत्तर वर नव्हे, मेहराब वर येईल असा फिरवून धरावा आणि अंगणाच्या पूर्व कडेला उभे राहून समोरच्या दालनाच्या कमानी मोजाव्यात. सात भरतील. मग आत जाऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत खण मोजावेत. ते नऊ भरतील. कडेचे दोन अंगणाच्या बाजूंच्या ओवऱ्यांमागे झाकलेले असतात.